व्हॅन बंद करतेय, पण नीट कशी करू? (उशीर आणि बेफाम गाडी, दोन्ही)

खिडकीजवळची | सोमवार, रात्री १०:१२

मुलगी सात वर्षांची, दुसरीत. चार महिने व्हॅनने शाळेत जातेय. व्हॅन शाळेची नाही, खासगी आहे. मालक वेगळे, चालवणारे काका वेगळे.

आमची वेळ ७:१०. पहिला महिना ठीक गेला. मग ७:१५ झाले, ७:२० झाले, आता ७:३० झाले तरी कोणाला काही वाटत नाही. फोन केला की "आलोच, वळणावर आहे." ते वळण कुठल्या ग्रहावर आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

उशीर मी पोटात घातला असता. पण गेल्या आठवड्यात तीन गोष्टी झाल्या. बुधवारी लेकीचा एक पाय पायरीवर असतानाच गाडी हलली आणि दार चालत्या गाडीतच सरकवून लावलं गेलं. गुरुवारी काका कानाला फोन लावून आले आणि तसेच गेले. शुक्रवारी लेक जेवताना सहज म्हणाली, "आज काकांनी असला ब्रेक मारला, आम्ही सगळे पुढच्या सीटवर! मज्जा आली." त्या 'मज्जा'ने माझी झोप गेलीय.

नवरा म्हणतो, आधी एकदा ठणकावून सांगू की वेळेवर या, मग बघू. मला वाटतं बंदच करावी. पण वर्ष अर्धं झालंय, महिन्याची फी आगाऊ भरलीय, आणि काका मुलांशी प्रेमाने वागतात हेही खरं. मध्येच व्हॅन सोडलेलं कोणी आहे का इथे? कशी सोडलीत?

उंटावरचा | सोमवार, रात्री १०:२०

'आलोच' हे क्रियापद नाही हो, तो एक स्वतंत्र काळ आहे. व्याकरणात अजून घेतलेला नाही इतकंच.

पावसाळी | सोमवार, रात्री १०:३१

उद्यापासून बंद. पाय पायरीवर असताना गाडी हलली, यापुढे चर्चा कसली?

दोनचाकी | सोमवार, रात्री १०:४४

माझ्या मुलालाही सकाळी उठायचा भयंकर कंटाळा. आम्ही रात्री नऊला दिवे बंद करायला लागलो, दप्तर आदल्या दिवशी भरून ठेवतो. पंधरा दिवसांत फरक पडला. उशीर हा सवयीचा भाग असतो, मुलीला रागावू नका.

पावसाळी | सोमवार, रात्री १०:४७

@दोनचाकी, उशीर व्हॅनला होतोय. मुलगी बिचारी ७:०५ पासून फाटकात उभी आहे.

दोनचाकी | सोमवार, रात्री १०:५०

अरेच्चा. दिवे बंद करायचे ते काकांनी मग.

गॅजेटभाऊ | सोमवार, रात्री ११:०५

भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका, आधी मोजा. मुलीच्या दप्तरात ठिकाण दाखवणारा छोटा ट्रॅकर टाका, किंवा जुना फोन. गाडी किती वाजता कुठे होती, सरासरी वेग किती, सगळं कळतं. माझ्या मुलाच्या व्हॅनचा सरासरी वेग २४ निघाला. ताशी २४! सायकलवाले पुढे जातील. मुलांना साधा ब्रेकही विमान उतरल्यासारखा वाटतो. सात वर्षांच्या मुलीच्या वर्णनावरून व्हॅन बंद करणं मला तरी घाईचं वाटतं.

बेरीजवजाबाकी | सोमवार, रात्री ११:४०

मी नऊ वर्षं एका शाळेत वाहतुकीचं काम पाहिलं. कोणती गाडी, कोणता मार्ग, कोणत्या थांब्यावर कोण, आणि रोज सकाळी फोनवर शिव्या. म्हणून थोडं लांब लिहिते.

खिडकीजवळची, तुमच्या मिस्टरांचा 'ठणकावून सांगू, वेळेवर या' हा उपाय सगळ्यात धोक्याचा आहे. राग मानू नका. उशीर आणि वेडीवाकडी गाडी या तुम्हाला दोन तक्रारी वाटतायत. बहुतेक वेळा ती एकच असते. एका फेरीत थांबे जास्त झाले की गाडी मागे पडते, आणि मागे पडलेली गाडी शाळेच्या घंटेपर्यंत तो वेळ कुठून तरी भरून काढते. थांबे तेवढेच ठेवून चालकावर वेळेचा दबाव टाकलात तर तो तुमच्या दारात पाच मिनिटं लवकर येईल. ती पाच मिनिटं तो तुमच्या आधीच्या मुलांच्या जिवावर काढेल.

हे तुमच्या बाबतीत खरं आहे का, ते पाहता येईल. एवढं सांगा: व्हॅन घरी किती वाजता आली त्याची काही नोंद आहे का? शाळेत मात्र ती वेळेवर पोचते का? तुमचा थांबा कितवा, पुढे किती, अंतर किती? आणि घरातल्या कोणी तरी एकदा त्याच वेळी, त्याच रस्त्याने, कुठेही न थांबता गाडी चालवून बघा.

उंटावरचा | सोमवार, रात्री ११:४६

आता प्रगतिपुस्तक पालकांचं.

खिडकीजवळची | बुधवार, दुपारी २:१५

नोंद आहे! मी काकांना रोज मेसेज करायचे, "कुठे आहात?" आणि लेक बसली की नवऱ्याला "गेली" असा. दोन्हींच्या वेळा फोनमध्ये आहेत. शाळेचे शेवटचे १५ दिवस काढले. ७:१५ च्या आत फक्त ४ दिवस. ७:१५ ते ७:२५ मध्ये ७ दिवस. उरलेले ४ दिवस ७:२५ नंतर, त्यातला सगळ्यात वाईट ७:३१.

शाळेचं गेट ८:०० ला बंद होतं. त्यानंतर गेलं की डायरीत शेरा. मला वाटलं होतं डायरी शेऱ्यांनी भरली असेल. १५ दिवसांत शेरा एकच.

आमचा थांबा नववा. आमच्या पुढे आणखी सहा. मुलं १७. आमच्यापासून शाळा त्या मार्गाने ११ किमी. नवरा काल ७:२५ ला गाडी घेऊन त्याच गल्ल्यांतून गेला, न थांबता. २६ मिनिटं लागली. परत आल्यावर जरा गप्प आहे.

बेरीजवजाबाकी | बुधवार, दुपारी ३:३०

तुमच्या मिस्टरांनी अर्धं काम केलं. आता बेरीज.

एका थांब्याला दीड मिनिट धरा. गाडी थांबते, दार उघडतं, मूल चढतं, दप्तर आत जातं, दार लागतं, मूल टेकतं, मग गाडी निघते. सहा थांब्यांची ९ मिनिटं. रस्त्याची २६. झाली ३५. व्हॅन तुमच्याकडे ७:१० ला आली तर ७:४५ ला शाळेत, हातात पंधरा मिनिटं. मस्त. ७:२० ला आली तर ७:५५. चालेल.

७:२७ ला आली तर? गेटवर गर्दी असते, मुलं उतरायला वेळ लागतो, म्हणजे ७:५५ ला पोचायला हवं. २८ मिनिटं उरली. थांब्यांची ९ वजा केली तर रस्त्यासाठी १९. जो रस्ता तुमच्या मिस्टरांनी २६ मिनिटांत कापला, तोच १९ मध्ये. मधले सिग्नल आणि वळणं काही आखडत नाहीत, त्यामुळे ती सात मिनिटं मोकळ्या पट्ट्यात काढावी लागतात. तुमच्या मुलीचा 'असला ब्रेक' त्या पट्ट्यांच्या टोकाला आहे.

तुमच्या दारात उशीर होतो आणि शाळेत होत नाही, ही समाधानाची गोष्ट नाही. मधला उशीर कुठे जिरला, हाच प्रश्न आहे. आमच्याकडे एखादी गाडी गेटवर उशिरा आली तर मी रागवायचे. थांब्यावर उशिरा आणि गेटवर वेळेवर, असा कागद दिसला की मात्र मी त्या फेरीत स्वतः जाऊन बसायचे.

गॅजेटभाऊ | बुधवार, दुपारी ४:०२

एक मिनिट. ११ किमी, २८ मिनिटं, म्हणजे सरासरी २३.६. माझ्या ट्रॅकरसारखंच! ताशी २३.६ ला तुम्ही बेफाम म्हणताय?

बेरीजवजाबाकी | बुधवार, दुपारी ४:२५

म्हणूनच सरासरी फसवते. त्यात गाडी उभी असतानाचा वेळही धरलेला आहे. ९ मिनिटं काढून टाका, चालत्या गाडीची सरासरी ३५ च्या जवळ जाते. मिस्टरांची त्याच रस्त्यावर २५ होती. आणि ही ३५ पण वळणं-सिग्नल धरून. तुमच्या ट्रॅकरमध्ये सरासरीऐवजी सगळ्यात जास्त वेग बघा, आणि तो कुठे आला ते बघा.

पण तुमचं एक म्हणणं मी मान्य करते. वेग न वाढवताही हा वेळ काढता येतो. सहा थांबे दीडऐवजी अर्ध्या मिनिटात उरकले तर फक्त ३ मिनिटं जातात, रस्त्याला २५ उरतात. अगदी साधा वेग. पण मग अर्ध्या मिनिटात उरकणं म्हणजे काय? मूल टेकायच्या आत गाडी हलणार, दार चालताना लागणार. तो यांचा बुधवार. वेळ दारातून काढा नाही तर ब्रेकमधून, तिसरी जागा नाही.

गॅजेटभाऊ | बुधवार, दुपारी ४:४०

हम्म. माझ्या मुलाच्या व्हॅनचा जास्तीत जास्त वेग आत्ता पाहिला. ६३. शाळेच्या मागच्या सरळ रस्त्यावर. रात्री बोलतो.

प्रयोगवही | बुधवार, सायंकाळी ६:१०

भौतिकशास्त्र शिकवतो, राहवत नाही. ताशी ४० ने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ने जाणारी जवळजवळ १७. समोर काही आलं तर पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, तेवढं अंतर असंच गेलं. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, ४० ला साधारण ९ मीटर आणि ६० ला २०. एकूण २० विरुद्ध ३७. वेग दीडपट, ब्रेकचं अंतर सव्वादोनपट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. फोन कानाला असेल तर तो एक सेकंदही एक राहत नाही.

आणि 'सगळे पुढच्या सीटवर' हे विनोदी नाही. गाडी थांबते, पट्टा नसलेलं मूल आधीच्याच वेगाने पुढे जातं. तुमच्या व्हॅनमध्ये पट्टे आहेत का?

खिडकीजवळची | बुधवार, सायंकाळी ६:३०

दोन सीटना आहेत. त्यातला एक दप्तरं बांधायला वापरतात.

उंटावरचा | बुधवार, सायंकाळी ६:३३

दप्तरं सुखरूप आहेत, एवढं तरी.

चाकावरचा | बुधवार, रात्री ९:५०

बराच वेळ वाचतोय. मी ११ वर्षं शाळेची व्हॅन चालवली, आता मालवाहतूक करतो. सामान निदान रडत नाही.

ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक आकडा राहिला. सकाळी प्रत्येक थांब्यावर कोणाचा तरी बूट सापडत नसतो. "काका, दोन मिनिटं." आठ थांबे, त्यातल्या चार ठिकाणी दोन दोन मिनिटं, नवव्या थांब्याला आठ मिनिटं उशीर. तिथे आई घड्याळ दाखवते. आठ जणांचा उशीर नवव्या आईच्या तोंडून ऐकायचा. शाळेत उशिरा पोचलो तर १७ पालकांचे फोन. आणि थांबे किती हे मी ठरवत नव्हतो. मालकाला गाडीत जेवढी मुलं तेवढी फी. बारा होती तेव्हा मी वेळेवर होतो. सतरा झाल्यावर मीच बेजबाबदार.

हे मी त्या काकांची बाजू घ्यायला लिहीत नाहीये. फोन आणि दार याला माफी नाही. ते मालकाने सांगितलेलं नसतं, तो आपलाच हात असतो. मीही एकदा चालत्या गाडीत दार लावायला सांगितलं होतं. मुलाचं बोट थोडक्यात वाचलं. त्यानंतर मी दार स्वतः उतरून लावायचो आणि रोज मालकाची बोलणी खायचो.

खिडकीजवळची | बुधवार, रात्री १०:१५

@चाकावरचा, खरं सांगायचं तर दोन दिवस बूट आमचाच सापडत नव्हता. लाज वाटली वाचून.

निशिगंधा | गुरुवार, सकाळी ११:२०

मूळ प्रश्नावर येते, 'कशी सोडलीत'. आम्ही मागच्या वर्षी सोडली आणि घोळ घातला, तो तुम्ही घालू नका.

व्हॅनमालकाला शुक्रवारी सांगितलं, सोमवारपासून नाही. सोमवारी सकाळी मी मुलाला स्वतः सोडलं. दुपारी आणायला गेले तर मुलगा नाही! तो सवयीने व्हॅनच्या रांगेत उभा राहिला, बाईंनी सवयीने व्हॅनमध्ये बसवला, आणि त्या दिवशी बदली चालक होता, त्याला काही माहीतच नव्हतं. त्याने इमानदारीत घरी सोडला. घरी कुलूप. वीस मिनिटं जिन्यात बसला होता. ती वीस मिनिटं मी शाळेच्या आवारात कशी काढली ते लिहीत नाही.

सगळ्यांना कळवलं होतं, फक्त शाळेला लेखी नव्हतं. आणि मुलाला "आता मी नेणार" असं म्हटलं होतं. त्याने त्याचा अर्थ फक्त सकाळचा घेतला.

बेरीजवजाबाकी | गुरुवार, दुपारी १२:०५

निशिगंधा, हे मी चारदा पाहिलंय. व्हॅन बंद झाली की धोका पहिल्या दुपारी असतो. सकाळी मूल पालकाच्या हातात असतं. दुपारी ते सवयीच्या हातात.

म्हणून माझा क्रम असा. आधी पर्याय ठरवा, आणि एखाद्या सुटीच्या दिवशी शाळेच्या वेळेत तो रस्ता एकदा करून बघा. मग शाळेला लेखी कळवा: अमुक तारखेपासून मूल व्हॅनने जाणार नाही, नेणाऱ्यांची नावं ही, यांच्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये. वर्गशिक्षिका आणि गेटवरची व्यक्ती, दोघांनाही. मालकाला त्यानंतर. मुलीला तीन दिवस आधीपासून रोज सांगा, आणि दुपारी नेमकं कुठे उभं राहायचं ते शाळेत नेऊन दाखवा. 'मी येईन' पुरेसं नाही, 'मी या झाडाखाली असेन' असं.

आणि मालकाला दोन वेगळे मेसेज करा. एकात फक्त सेवा बंद करण्याची तारीख. दुसऱ्यात तुम्ही स्वतः पाहिलेल्या गोष्टी, दिवस आणि वेळ घालून, शाळेला प्रत. एकाच मेसेजमध्ये घातलं की तो फीच्या वादातला राग वाटतो आणि दाराची गोष्ट कोणी वाचत नाही.

हिशेबी | गुरुवार, दुपारी १:३०

आणि आगाऊ भरलेली फी? आमच्या मालकाने एक महिन्याची सूचना द्यायची अट दाखवली होती. मी म्हणतो पैसे भरलेत तर तो महिना मूल पाठवा, जरा सांभाळून. नाही तर दुहेरी भुर्दंड. व्हॅनलाही पैसे, स्वतःच्या पेट्रोललाही.

पावसाळी | गुरुवार, दुपारी १:३४

'जरा सांभाळून' म्हणजे काय? मागे बसलेलं मूल कसं सांभाळणार?

बेरीजवजाबाकी | गुरुवार, दुपारी २:१०

सूचनेचा महिना हा पैशांचा विषय आहे, मुलीच्या बसण्याचा नाही. पैसे द्यायचे तर द्या, पण त्या महिन्यात तिला बसवलंच पाहिजे असं कोणी म्हणत नाही. उलट पाठवत राहिलात तर मालक विचारणार, इतकं धोक्याचं होतं तर महिनाभर कशी पाठवलीत?

हिशेबी | गुरुवार, दुपारी २:२५

तत्त्वतः बरोबर. पण प्रत्येकाला दोनदा खर्च करणं जमतं असं नाही. दोघंही सकाळी सातला कामावर जाणारे पालक काय करणार? सगळ्यांना एका दिवसात 'बंद' म्हणायची चैन नसते. मी तो महिना पाठवलं. रोज घाबरत पाठवलं. मला वाईट पालक म्हणायचं असेल तर म्हणा.

पावसाळी | गुरुवार, दुपारी २:४०

तसं म्हणायचं नव्हतं. माफ करा.

मास्तरीण | गुरुवार, सायंकाळी ५:००

बाकीच्या १६ मुलांचं काय? पालकांच्या ग्रुपवर लिहिणार का? आमच्या ग्रुपवर एकीने 'चालक दारू पितो' असं ऐकीव लिहिलं. ते खोटं निघालं, तोवर त्या माणसाचं काम गेलं होतं.

चाकावरचा | गुरुवार, सायंकाळी ५:४५

ओळखीच्या एकाचं असंच झालं. ग्रुपवर लिहायचंच तर डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. "बुधवारी माझी मुलगी चढत असताना गाडी हलली." एवढंच. माणूस कसा आहे ते लिहू नका.

गॅजेटभाऊ | गुरुवार, रात्री ९:२०

माझं सांगतो. आमच्या मालकाला ६३ चा आकडा दाखवला. म्हणाले, "यंत्र चुकतं." चुकतही असेल. दप्तर गाडीच्या कोपऱ्यात असलं की माझा ट्रॅकर कधी कधी बिंदू उड्या मारत दाखवतो, आणि त्या उडीचा वेग भलताच येतो. एका आकड्यावर मी भांडणार नाही. आठवडाभर बघतो. त्याच सरळ पट्ट्यावर रोज आला तर यंत्र नाही, काका.

बेरीजवजाबाकी | गुरुवार, रात्री ९:३५

हे बरोबर बोललात.

खिडकीजवळची | पुढचा मंगळवार, रात्री १०:४०

अपडेट.

मालकांना नवरा आणि मी दोघं भेटलो. ओरडलो नाही. १५ दिवसांच्या वेळांचा कागद ठेवला आणि त्यांना विचारलं, ही मुलं दोन फेऱ्यांत किंवा दोन गाड्यांत होतील का? ते म्हणाले, दुसरी गाडी नाही. दोन फेऱ्याही जमणार नाहीत, कारण ८:३० ला हीच गाडी दुसऱ्या शाळेच्या मुलांसाठी लागते. म्हणजे काकांना मागून आमचे बूट आणि पुढून दुसरी शाळा.

मग त्यांनी तोडगा काढला: "तुमचा थांबा पहिला करतो. ६:३५ ला घेतो, उशिराचा प्रश्नच मिटला." क्षणभर मला खरंच बरं वाटलं. मग बेरीजवजाबाकी आठवल्या. थांबे तेवढेच, मुलं तेवढीच, फक्त वाट बघणारी आई दुसरी. आणि माझी लेक अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास त्याच गाडीत, पट्ट्याशिवाय. नको म्हटलं.

दार आणि फोनचं सांगितल्यावर मात्र ते गंभीर झाले, काकांना समोर बोलावलं. काका म्हणाले, "दाराचं चुकलं." फोन मालकांचाच होता म्हणे, "कुठवर आलास" विचारायला. यावर आम्ही तिघंही गप्प.

सकाळी नवरा सोडतो. तीन दुपारी मी, एक दुपार वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे, तिची मुलगी त्याच शाळेत आहे. बुधवारची दुपार अजून सुटलेली नाही, तूर्त रजेतून निभावतेय. फी अर्धी परत मिळाली, अर्धी सोडली. शाळेला लेखी दिलं, झाडही दाखवलं. (शाळेत झाड नाही, निळा खांब आहे. तो दाखवला.)

पहिल्या दुपारी काय झालं सांगू? ती खांबापाशी उभी होती, आणि काका शेजारून जाताना म्हणाले, "चल, बस ना." सवयीने. ती म्हणाली, "मी आता खांबाची आहे."

निशिगंधा | मंगळवार, रात्री १०:५५

खांबाची! माझी ती वीस मिनिटं कोणाच्या तरी कामी आली.

उंटावरचा | मंगळवार, रात्री १०:५८

घरोघरी मातीच्या चुली, आणि मालकाचा फोन चालकाला.

दोनचाकी | मंगळवार, रात्री ११:१०

बुधवारचं विचारायचं होतं, दुपारच्या डुलकीची सवय कशी मोडायची?

पावसाळी | मंगळवार, रात्री ११:१२

@दोनचाकी, धागा पुन्हा एकदा वाचा हो.

खिडकीजवळची | शुक्रवार, सकाळी ९:०५

छोटीशी भर. आमच्या पुढचा, दहावा थांबा ओळखीच्यांचाच आहे. त्या म्हणाल्या, या आठवड्यात व्हॅन रोज तीन-चार मिनिटं लवकर येतेय आणि काका दार उतरून लावतायत.

बेरीजवजाबाकी | शुक्रवार, सकाळी ९:२०

एक थांबा कमी झाला ना. आणि तुमच्या वळणाचा वळसा वाचला. तुमच्या जागी नवीन मूल घेईपर्यंत असंच राहील.

खिडकीजवळची | शुक्रवार, सकाळी ९:३२

घेतलंय. सोमवारपासून. त्या आईचा नंबर मिळाला आहे, फोन करावा की नाही तेच कळत नाहीये.

चाकावरचा | शुक्रवार, सकाळी ९:४०

करा. काकांबद्दल काही बोलू नका. आधी किती मुलं आहेत ते मालकांना विचारा, एवढंच सांगा.